ठशावरून उंची: प्रकल्प नोंदी

१२ जून

विषय आज पक्का झाला. घटनास्थळी अनवाणी पावलाचा ठसा सापडला, तर त्यावरून माणसाची उंची किती नेमकी सांगता येते? हाताच्या ठशाचंही पाहायचं आहे, पण मुख्य काम पावलाचं.

सुरुवात पंधरा टक्क्यांपासून करायची. पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते, हे फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. पुढे ते पाठ्यपुस्तकांत आलं आणि आज कुणालाही तोंडपाठ असतं. लांबीला ०.१५ ने भागलं की झाली उंची. सरांनी एवढंच विचारलं, "कशाची लांबी? पावलाची की ठशाची?" त्या वेळी मला प्रश्नाचा रोख कळला नाही.

१९ जून

मोजण्याची पद्धत ठरली. एकदा ठरल्यावर मध्येच बदलायची नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

उंची अनवाणी मोजायची. पाठ आणि टाचा उंचीमापकाच्या दांड्याला टेकलेल्या, नजर समोर. सगळ्यांची उंची सकाळी दहा ते बारामध्येच घ्यायची, कारण दिवसभराच्या उभं राहण्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर कमी भरते. कुणालाही उंची विचारून लिहायची नाही. माणसं स्वतःची उंची वाढवूनच सांगतात.

पावलाची लांबी टाचेच्या सर्वात मागच्या बिंदूपासून सर्वात पुढे आलेल्या बोटाच्या टोकापर्यंत. हे बोट दरवेळी अंगठाच असतं असं नाही. बऱ्याच जणांचं दुसरं बोट अंगठ्याच्या पुढे येतं. वजन दोन्ही पायांवर सारखं असायला हवं, कारण बसलेल्या माणसाचं पाऊल उभ्याच्या पावलापेक्षा थोडं आखूड भरतं.

ठशासाठी काचेवर रोलरने शाईचा पातळ थर द्यायचा, त्यावर पाऊल टेकवायचं आणि पुढचं पाऊल कागदावर पडेल असं चालायला सांगायचं. उभं राहून घेतलेला ठसा जास्त स्वच्छ येतो, पण घटनास्थळी ठसे चालणाऱ्याचे असतात. सूत्र ज्या तऱ्हेच्या ठशांवर बांधलं, त्याच तऱ्हेच्या ठशाला लावायला हवं.

३ जुलै

४० पुरुष आणि ३६ स्त्रिया मोजून झाल्या. सगळे १८ ते ३५ वयातले, पायाला दुखापत वा व्यंग नसलेले. वयाची मर्यादा मुद्दाम ठेवली. उतारवयात उंची घटते, पाऊल घटत नाही.

आज ठसे मोजताना एक गोष्ट ठळक दिसली. चालताना पडलेल्या ठशात गडद भागाच्या बाहेर टाचेमागे आणि बोटांपुढे एक फिकट झालर असते. टाच टेकताना आणि बोटं उचलताना तिथली त्वचा क्षणभरच टेकते, त्यामुळे शाई कमी लागते. माझ्या कागदांवर दोन्हीकडची मिळून ही झालर सहा ते नऊ मिलिमीटरची आहे. माझा सोबती ती धरून मोजत होता आणि मी सोडून! दहा ठशांची मापं जुळेनात म्हणून शोधलं, तेव्हा हे उघड झालं. सगळे ठसे नव्याने मोजले. आता दोघांनीही फक्त गडद भाग मोजायचा. झालर वेगळ्या रकान्यात.

फेरमोजणीनंतर आम्हा दोघांच्या मापांत सहसा दोन मिलिमीटरच्या आतलाच फरक राहिला.

८ जुलै

सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं.

पुरुषांची सरासरी उंची १७०.२ सेंटीमीटर. पावलाची सरासरी लांबी २५.६, म्हणजे १५.०४ टक्के. पंधरा टक्क्यांचा नियम आमच्या लोकांना चपखल बसला आणि मला क्षणभर वाटलं, आता उरलंच काय? पण ठशाची सरासरी लांबी २४.४ आहे. पावलापेक्षा १.२ सेंटीमीटर कमी, उंचीच्या १४.३ टक्के.

कारण अगदी साधं आहे. टाच मागून गोल असते आणि तिचा सर्वात मागचा बिंदू जमिनीच्या थोडा वर असतो. बोटाचं टोकही तसंच. जमिनीला पाऊल पूर्ण लांबीने टेकतच नाही. तेव्हा ठशाची लांबी घेऊन ०.१५ ने भागलं, तर सरासरी माणसाची उंची १६२.७ येते. साडेसात सेंटीमीटर कमी, आणि हा चुकीचा कल जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत एकाच दिशेला. दोन मिलिमीटर मापचूक झाली तर उंचीत सेंटीमीटरभराचा फरक पडतो. इथे कशाची लांबी मोजली याचाच विसर पडल्याने साडेसातचा पडला.

उलटा प्रकार बुटाच्या ठशात होतो. तळ पावलापेक्षा लांब असतो, किती लांब ते बुटाच्या घडणीवर. आम्ही बूट या प्रकल्पात घेतलेले नाहीत.

१५ जुलै

आज टक्केवारी सोडून रिग्रेशनकडे वळलो, म्हणजे सगळ्या मापांच्या बिंदूंमधून त्यांना सर्वात जवळची जाणारी रेषा काढायची. सोबत्याचा आधी विरोध होता. त्याचं म्हणणं, "अरे, टक्केवारी बरोबर बसतेय ना, मग सोडायची कशाला? पावलाला पावलाची लावू, ठशाला ठशाची."

ती सरासरी माणसालाच बरोबर बसते. २८ सेंटीमीटर पावलाच्या माणसाला १५.०४ टक्के लावले तर उंची १८६.२ येते. आमच्या रेषेचं सूत्र, उंची = ६७.८ + ४.० × पावलाची लांबी, त्याच माणसाला १७९.८ देतं. दोन्हींत साडेसहा सेंटीमीटरचा फरक. आखूड पावलाकडे उलटं होतं. २३.५ च्या पावलाला टक्केवारी १५६.३ सांगते आणि रेषा १६१.८.

टक्केवारी धरून चालते की पाऊल लांब असलं तर शरीरही त्याच प्रमाणात उंच असतं. प्रत्यक्षात लांब पाऊल असलेल्या माणसांत दोन प्रकार मिसळलेले असतात. काही खरोखर उंच असतात, आणि काही मध्यम उंचीचे पण लांब पावलांचे. दोघांची सरासरी काढली की ती मधल्या उंचीकडे सरकते. रेषा हे सरकणं मोजून घेते, टक्केवारीला ते दिसतच नाही. म्हणूनच टक्केवारीने उंच माणसं आणखी उंच होतात आणि बुटकी आणखी बुटकी.

पडताळा म्हणून अमेरिकी लष्कराच्या २०१२ च्या शरीरमापन पाहणीतली सरासरी घेतली. तिची माहिती सर्वांसाठी खुली आहे. त्यात ४,०८२ पुरुष आहेत, सरासरी उंची १७५.६ आणि पाऊल २७.१ सेंटीमीटर, म्हणजे १५.४ टक्के. आमची टक्केवारी त्यांना लावली तर १८०.२ येतं, साडेचार सेंटीमीटर जास्त. आमची रेषा १७६.२ देते. इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं. तरी यावरून आमचं सूत्र कुठल्याही समाजाला चालेल असं म्हणता येणार नाही. सरासरी जुळली म्हणून एकेका माणसाचा अंदाज जुळतो असं नसतं. धड आणि पाय यांचं प्रमाण एका लोकसमूहातून दुसऱ्यात बदलतं, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी सूत्रं बांधली जातात.

२२ जुलै

ठशाचं सूत्र, पुरुषांसाठी:

उंची = ७७.५ + ३.८ × ठशाची लांबी (सेंटीमीटरमध्ये)

सहसंबंध, म्हणजे ठसा आणि उंची किती जोडीने वाढतात त्याचा आकडा, ०.६८. प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज खऱ्या उंचीपासून साधारण जितका हुकतो ते अंतर, ४.७ सेंटीमीटर. पावलाच्या सूत्राची प्रमाण त्रुटी ४.५ होती, म्हणजे ठशाकडे आल्यावर नुकसान थोडंच झालं.

ही ४.७ कुठून आली हे मला समजून घ्यायचं होतं. माप घेण्यातली चूक दोन मिलिमीटर धरली, तर ३.८ ने गुणून पाऊण सेंटीमीटर होते. पावणेपाचांत पाऊण. बाकीचा भाग मापाचा नाहीच, तो माणसांचा आहे. दोघांचे ठसे तंतोतंत २४.४ असले, तरी एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे आखूड असू शकतात. ठशातून ते कळायला मार्ग नाही. लेझर स्कॅनर आणून ठसा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजला, तरी ही त्रुटी जेमतेम हलेल. प्रकल्पाच्या सुरुवातीला मला वाटत होतं की काळजीपूर्वक मोजलं की अंदाज आपोआप नेमका होईल. ते आज सुटलं.

२४ जुलै

एका ठशासाठी पल्ला काढायचा छोटा कोड लिहिला. नुसतं अधिक-उणे ४.७ लिहिणं पुरेसं नाही. तेवढ्यात साधारण तीनपैकी दोनच माणसं बसतात. शंभरातली ९५ बसावीत असा पल्ला हवा असेल, तर तो दुपटीहून थोडा मोठा होतो, आणि सरासरीपासून जितकं दूर जावं तितका रुंदावतो. तिथे आमच्याकडे माणसं कमी आहेत आणि रेषेचा कल थोडा चुकला असला तर त्याचा परिणाम टोकाला जास्त जाणवतो.

```python
def andaj(x, b0=77.5, b1=3.8, see=4.74, n=40,
          xm=24.4, sxx=51.6, t=2.02):
    y = b0 + b1 * x
    d = t * see * (1 + 1/n + (x - xm)**2 / sxx) ** 0.5
    return round(y - d, 1), round(y, 1), round(y + d, 1)
```

`andaj(24.4)` दिलं तर १६०.५ ते १७९.९. `andaj(27.5)` दिलं तर १७१.५ ते १९२.५, मध्य १८२.

पहिल्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत होते. ठसा नसताच आणि कुणी नुसतं "या गटातला एक पुरुष" एवढंच सांगितलं असतं, तर मी १७०, अधिक-उणे १३ म्हटलं असतं. ठसा मिळाल्यावर अधिक-उणे ९.७ म्हणते आहे. पल्ला फक्त पावभर आखडला. सरासरी मापाचा ठसा उंचीबद्दल जवळजवळ काहीच नवं सांगत नाही. २७.५ चा ठसा मात्र बोलतो. पल्ला तिथे अधिक रुंद आहे, पण तो पूर्ण वर सरकलेला आहे आणि १६५ च्या माणसाला बाहेर काढतो. उपयोग आहे तो असा, टोकाच्या ठशांना.

३१ जुलै

स्त्रियांचं सूत्र: उंची = ८१.६ + ३.४ × ठशाची लांबी, प्रमाण त्रुटी ४.४. सरासरी उंची १५७.४, ठसा २२.३.

ठसा स्त्रीचा की पुरुषाचा हे माहीत नसेल तेव्हा काय? सोबत्याने दोन्ही गट एकत्र करून तिसरं सूत्र बांधलं आणि धावतच दाखवायला आला, कारण सहसंबंध ०.६८ वरून ०.८३ वर गेला होता. मलाही आधी आनंद झाला. मग प्रमाण त्रुटी पाहिली, तर ४.९. सहसंबंध वाढला आणि अंदाज मात्र किंचित बिघडला.

आलेख काढल्यावर कोडं उलगडलं. बिंदूंचे दोन पुंजके दिसतात, एक खाली डावीकडे आणि एक वर उजवीकडे. सहसंबंध या दोन पुंजक्यांमधल्या अंतरामुळे वाढला. "पुरुष सरासरीने उंच आणि मोठ्या पावलाचे" एवढंच त्या ०.८३ मध्ये भरलेलं आहे. एका पुंजक्याच्या आत, जिथे खरा अंदाज करायचा असतो, तिथे काहीच सुधारलं नाही. यापुढे कुणाचाही अभ्यास वाचताना मी सहसंबंधाआधी प्रमाण त्रुटी शोधणार, आणि स्त्री-पुरुष एकत्र आहेत का ते पाहणार.

चुकीचं सूत्र लावलं तर काय होतं तेही तपासलं. २२.३ च्या स्त्रीच्या ठशाला पुरुषांचं सूत्र १६२.२ देतं, जवळजवळ पाच सेंटीमीटर जास्त.

७ ऑगस्ट

ओल्या मातीचा ट्रे. सोबती त्यावरून तीन पावलं चालला. तो आमच्या चाळीसांत नाही, त्याची उंची १६८. पहिला ठसा मी २६.० मोजला. सूत्राने १७६.३ दिले, आठ सेंटीमीटर जास्त. पुढचे दोन ठसे २४.५ आणि २४.७ भरले. एकाच माणसाचा ठसा दोन पावलांत दीड सेंटीमीटर आखूड होऊ शकत नाही.

पहिल्या ठशाकडे तिरप्या उजेडात पाहिल्यावर टाचेमागे माती पुढच्या दिशेने ओढलेली दिसली. टाच टेकली तेव्हा तो घसरला होता, आणि मी घसरण्याची सुरुवात टाचेची कड समजून मोजली. खूण अशी: खऱ्या टाचेची कड गोल आणि तिची भिंत उभी असते, घसरलेल्या टाचेची कड उताराची असते आणि त्या उतारात रेघा दिसतात. कड नव्याने ठरवली तर हाच ठसा २४.६ भरला.

एकट्या ठशाने मी फसले असते. माग असेल तर जेवढे ठसे मिळतील तेवढे मोजायचे, आणि एखादा बाकीच्यांशी जुळत नसेल तर सरासरीत ढकलण्याआधी तो का जुळत नाही ते शोधायचं. ट्रे दोन दिवस तसाच ठेवला आहे. माती वाळताना आकसते, तेव्हा ठसाही आखूड व्हायला हवा.

९ ऑगस्ट

आकसला. २४.६ चा २४.१ झाला. मातीवर ठसा वाळलेला होता की ओला, हे मापाशेजारी लिहायलाच हवं.

१४ ऑगस्ट

आजचा दिवस फोटोंमध्ये गेला. ठशाशेजारी काटकोनी एल आकाराची मोजपट्टी ठेवून वरून फोटो घेतो. आधीच्या एका फोटोत मोजपट्टीच्या उभ्या बाजूवर १० सेंटीमीटरला ११८० पिक्सेल येत होते आणि आडव्या बाजूवर ११२१. म्हणजे कॅमेरा सरळ वरून नव्हता, कललेला होता. फरक पाच टक्के. २५ सेंटीमीटरच्या ठशावर तो सव्वा सेंटीमीटर होतो आणि उंचीवर पावणेपाच! एका कललेल्या फोटोने पूर्ण प्रमाण त्रुटीएवढी चूक. सरळ पट्टी असती तर हे कळलंच नसतं. दोन्ही बाजू आहेत म्हणून तपासता येतं. पट्टी ठशाच्या पातळीवर हवी, खोल ठशाच्या काठावर ठेवली तर ती कॅमेऱ्याला जवळ येते आणि ठसा लहान भरतो.

२१ ऑगस्ट

हाताचे ठसे. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी उंचीच्या अकरा टक्क्यांच्या आसपास येते. पुरुषांत प्रमाण त्रुटी ५.२, म्हणजे पावलाहून थोडी वाईट. पण खरी अडचण त्या आकड्यात नाही. काचेवर किंवा भिंतीवर हात टेकला की मनगटाची रेघ सहसा उमटतच नाही. ठसा तळहाताच्या फुगीर भागापाशी संपतो, आणि तिथून रेघ किती खाली होती हे अंदाजाने ठरवावं लागतं. या सूत्रात एक सेंटीमीटर म्हणजे उंचीचे साडेचार. ती एक खालची कड ठरवण्यातच सगळा पल्ला खर्ची पडतो. ज्या ठशांत रेघ उमटली नव्हती, ते मी हाताच्या तक्त्यातून काढून टाकले. निम्म्याहून जास्त गेले.

पाऊल आणि हात दोन्ही वापरून पाहिलं, तर त्रुटी ४.७ वरून ४.५ वर आली. मोठ्या पावलाच्या माणसाचा हातही मोठाच असतो, त्यामुळे हात फारसं नवं काही सांगत नाही.

२८ ऑगस्ट

सूत्र ज्यांच्यावर बांधलं त्यांच्यावरच तपासणं म्हणजे स्वतःचा पेपर स्वतः तपासणं. म्हणून नवे १२ पुरुष घेतले. आठ जण अधिक-उणे ४.७ मध्ये बसले, अकरा जण पूर्ण पल्ल्यात. एक बाहेर राहिला. उंची १८६, ठसा २५.४, आमचा पल्ला १८३.८ ला संपत होता. लांबसडक पायांचा, मध्यम पावलाचा माणूस. मी त्याला चूक म्हणणार नाही, २० मधला एखादा बाहेर असणारच असं पल्ला सांगतोच.

त्याच बारांच्या ठशांना १५ टक्के लावून पाहिले. अकरा जणांची उंची कमी आली.

४ सप्टेंबर

सरांनी सरावासाठी बनावट घटनास्थळ मांडलं. गडद फरशीवर धुळीचे ठसे, कोण चाललं ते आम्हाला माहीत नाही. पाच संशयित, उंची दिलेली: १५८ (स्त्री), १६६, १७१, १७७, १८१ (सगळे पुरुष).

मागात पाच ठसे. एकात टाच नव्हती, एकात बोटं पुसलेली. उरलेले तीन तिरप्या उजेडात, मोजपट्टीसह, दोन्ही बाजूंचे पिक्सेल जुळवून मोजले: २५.०, २५.३, २५.०. सरासरी २५.१. झालर सोडली, घसरल्याची खूण नाही.

एकत्र सूत्र १७२.३ देतं, पल्ला १६२ ते १८२. यावरून सोबत्याने १५८ वर लगेच काट मारली. मी थांबवलं. ती स्त्री आहे हे माहीत असताना तिच्यासाठी स्त्रियांचंच सूत्र लावायला हवं. ते २५.१ ला १६६.९ देतं, पल्ला १५७ ते १७७. अगदी काठावर का होईना, ती आत आहे. पुरुषांचं सूत्र १७२.९ देतं, १६३.१ ते १८२.६. चारही पुरुष आत.

म्हणजे एवढं करून एकही नाव वगळता येत नाही. मी तसंच लिहून दिलं. सोबत्याला १७१ वाल्याचं नाव पुढे करायचं होतं, कारण तो १७२.९ च्या सर्वात जवळ आहे. बराच वाद झाला. शेवटी अहवालात एवढंच गेलं:

"ठसे प्रौढ पुरुषाचे असल्यास उंची १६३ ते १८३ सेंटीमीटर असण्याची अपेक्षा आहे, स्त्रीचे असल्यास १५७ ते १७७. दिलेल्या पाचपैकी कोणालाही केवळ उंचीच्या आधारे वगळता येत नाही. हा अंदाज ओळख पटवण्यासाठी नाही."

५ सप्टेंबर

चालणारा माणूस १६६ वाला होता.

मध्यापासून सात सेंटीमीटर दूर, पण पल्ल्याच्या आत. सर्वात जवळचा म्हणून १७१ वाल्याचं नाव दिलं असतं, तर निर्दोष माणसाकडे बोट दाखवलं असतं. सरावात होतं म्हणून ठीक.

सोबत्याने एक गोष्ट दाखवली, ती इथे लिहायलाच हवी. २५.१ ला ०.१५ ने भागलं तर १६७.३ येतात. जुना नियम, जो ठशाला लावणं चुकीचं आहे असं मी जुलैपासून सांगते आहे, तो इथे आमच्या सूत्रापेक्षा खऱ्या उंचीच्या जवळ आला. "मग आता?" त्याने विचारलं.

मग आम्ही त्या माणसाला बोलावून घेतलं आणि पूर्ण मोजलं. उंची १६६.३. पाऊल २६.३, म्हणजे उंचीच्या १५.८ टक्के. आमच्या सरासरीपेक्षा बरंच मोठं पाऊल. शाईचा ठसा २५.०, म्हणजे फरशीवरचं माप बरोबर होतं. या माणसाचं पाऊल उंचीच्या मानाने मोठं आहे, आणि पंधरा टक्क्यांचा नियम ठशाला लावला की तो सगळ्यांचीच उंची खाली ओढतो. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध पडल्या आणि बेरीज योगायोगाने जुळली. मागच्या आठवड्यातल्या बारांपैकी अकरांना त्याच नियमाने बुटकं केलं होतं.

सरांनी विचारलं, याचं माप घालून सूत्र नव्याने बांधायचं का. नाही. उत्तर कळल्यावर तोच माणूस आत घेतला, तर पुढच्या वेळी सूत्र किती चुकतं हे सांगायला माझ्याकडे काहीच उरणार नाही. त्याची नोंद नव्या बारांच्या तक्त्यात तेरावी म्हणून गेली. पल्ल्यात बसलेले आता तेरापैकी बारा.

उद्या सकाळी पाचही जणांच्या शाईच्या ठशांवर बोटांच्या चढउताराची रेघ, चवड्याची रुंदी आणि टाचेचा घेर काढून फरशीवरच्या ठशांशी लावून पाहायचे आहेत.